मालकाला जपानीत किती वाकवायचं

वाळूजच्या एमआयडीसीत मुकुंदराव आष्टीकरांचा रबरी सीलचा कारखाना आहे. सील म्हणजे गाडीच्या ब्रेकमधलं तेल गळू नये म्हणून बसवलेलं अंगठीएवढं कडं. त्या कारखान्याच्या भिंतींत रबर इतकं मुरलंय की तिथला माणूस कितीही भांडला तरी ताणला जातो, तुटत नाही, असं म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण म्हणतात.

मुकुंदरावांच्या नावातला 'राव' हा जन्मतःच आलेला. नर्सनं 'मुलगा झाला' म्हटलं तेव्हा पाळण्यातून 'झाले म्हणा' असा आवाज आल्याचं छावणी भागातल्या त्यांच्या गल्लीत अजून सांगतात. घराण्यात आधी पौरोहित्य, मग निजामाच्या कचेरीत कारकुनी, आणि आता रबर. पण मान तोच. आजवर त्यांना कुणी नुसतं 'मुकुंद' म्हटलेलं नाही. त्यांच्या पोपटानं एकदा म्हटलं होतं. त्याची आठवडाभर मिरची बंद झाली.

अशा माणसाच्या हाफिसात अक्षदा नावाची पोरगी जपानी भाषांतराला लागली. ती खुलताबादकडची. बाप मुंजाबा मेंढरं राखणारा, आता थोडी शेतीही करतो. पुण्याला राहून ती जपानी शिकली, मोठ्या परीक्षा पास झाली, आणि उस्मानपुऱ्यात खोली घेऊन वाळूजला येऊ-जाऊ लागली. तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेलं होतं. ते त्याच महिन्यात भरत होते. कायम करायचं की निरोप द्यायचा, हे ठरायचं होतं, आणि निरोपाच्या बाजूनं एक माणूस जोरात होता. मंदार, मुकुंदरावांचा पुतण्या, कारखान्याचा एक्स्पोर्ट सांभाळणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. कॉम्प्युटरवर इंग्रजी टाकलं की पापणी लवायच्या आत जपानी बाहेर पडतं, तेही फुकट; मग त्यासाठी पगारी माणूस कशाला? अक्षदाला हे ठाऊक होतं. खोली सोडून परत गावी जायचं म्हणजे आल्यागेल्याला एकच उत्तर देत बसायचं, की जपानी शिकून काय मिळालं. तिला ते उत्तर द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात साचा तडकला.

नागोयाजवळची एक कंपनी तीन वर्षांपासून यांच्याकडून सील घेत होती. त्यांच्या पुढच्या मालाचा साचा मधोमध तडकला, नवा येईपर्यंत दोन आठवडे उशीर अटळ झाला. हे त्यांच्या खरेदीखात्यातल्या कुराता नावाच्या गृहस्थाला कळवायचं होतं. मंदारनं इंग्रजीत मेल तयार केला. मेल कसला, कडक इस्त्रीचा सफारी. 'प्लीज बी इन्फॉर्म्ड' नं सुरुवात, मधे 'आमचे मॅनेजिंग डायरेक्टर मिस्टर आष्टीकर यांनी स्वतः लक्ष घातलं आहे', आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. कुराताच्या वरचे साहेब इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून तो जपानीत जायला हवा होता. मुकुंदरावांनी तो अक्षदाकडं दिला आणि म्हणाले, हा नीट जाऊ दे, मग तुझं बघू.

आता इंग्रजी फॉर्मल मेल हा शर्टासारखा असतो. कलेक्टरकडं जा नाहीतर कटिंगला जा, शर्ट तोच. जपानीत तसं चालत नाही. तिथं आधी बघायचं समोर कोण आहे, मग ठरवायचं आपण किती पायऱ्या खाली उभं राहायचं. एक साधी सभ्य बोली असते. दुसरी समोरच्यानं केलेल्या गोष्टीला उचलून वर ठेवते. तिसरी आपण केलेल्या गोष्टीला खाली ठेवते. त्याचं येणं आणि आपलं येणं याला क्रियापदं वेगळी. म्हणून अक्षदानं भाषांतराला हात लावण्याआधी कुराताचे तीन वर्षांतले मेल काढून वाचले. पहिल्या वर्षी त्याची भाषा ताठ, कडेकोट होती. दुसऱ्या वर्षापासून तो जरा खाली उतरला होता. अदब होतीच, पण शेवटी एक वाक्य हवेचं, 'तुमच्याकडं ऊन फार असेल, सांभाळा' वगैरे. म्हणजे हा माणूस दारातून ओसरीवर आलेला. त्याला पुन्हा दाराबाहेर उभं करायचं नाही, पण चूक आपली आहे तेव्हा तक्क्याला टेकूनही बोलायचं नाही. तिनं तेवढीच उंची पकडली. माफी मागताना खालची बोली, कुरातानं काय करावं ही विनंती करताना त्याला उचलणारी, आणि साच्याची हकीकत साधी सरळ. 'डू द नीडफुल' तर तिनं गाळलंच. त्याच्या जागी, तारीख बदलायला परवानगी द्याल का, असं विचारलं.

मेल छापून तिनं मुकुंदरावांपुढं ठेवला.

मुकुंदरावांना जपानी येत नव्हतं, पण दोन गोष्टी ओळखता येत होत्या. एक, आपलं नाव. ते त्यांच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागं जपानीत छापलेलं होतं. दुसरं, 'सामा' हे मानाचं अक्षर. नागोयाला एका हॉटेलच्या दारातल्या स्वागताच्या फळीवर त्यांच्या नावापुढं ते लावलं होतं, आणि त्या फळीबरोबर त्यांनी इतके फोटो काढले की हॉटेलवाल्यांना वाटलं गृहस्थ फळी विकत घ्यायला आलेत. त्यांनी चष्मा लावून कागदावर बोट फिरवलं. वर कुराताचं नाव, त्यापुढं झुंबरासारखं ते अक्षर. ठीक. मग मधे आपलं नाव. पुढं काहीच नाही. त्यांनी कागद उलटा केला, पाठीमागं बघितलं. तिथंही नव्हतं.

"त्या खरेदीच्या कारकुनाला सामा," ते म्हणाले, "आणि मला काय? ओसाड?"

अक्षदानं सांगितलं की असंच लिहितात. हाफिसात आपण तुम्हाला कितीही मोठं म्हणू, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना मालकापासून शिपायापर्यंत सगळे 'आमचे', आणि आमच्यांना मान लावायचा नसतो. मुकुंदराव म्हणाले, तो मालकाचा कारखाना आहे की मेंढरांचा कळप, सगळे एकाच रंगाचे? ती म्हणाली, कळपात तरी एडक्याला घंटा असते साहेब, इथं तीपण नाय.

मंदार हे ऐकून खूश झाला. त्यानं जागच्या जागी आपलं इंग्रजी मशीनमध्ये टाकलं आणि आलेलं जपानी काकांना दाखवलं. मशीननं मुकुंदरावांच्या नावापुढं मानाचं एक अक्षर लावून दिलं होतं. 'सामा' नव्हतं, 'मिस्टर'च्या ठिकाणी बसणारं दुसरंच होतं, पण अक्षर होतं. मंदार म्हणाला, बघा काका, फुकटच्या मशीनला रीत कळते. मुकुंदरावांचा चेहरा उजळला. तोच जाऊ दे, म्हणाले.

अक्षदानं खुर्ची ओढून घेतली. म्हणाली, दोन्ही कागद मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवते, जपान्याच्या कानाला जसे लागतील तसे. मग तुम्ही म्हणाल तो पाठवू.

आणि तिनं मशीनचा कागद वाचला. "आमचे श्रीमंत मुकुंदरावसाहेब यांनी जातीनं लक्ष घातलेलं आहे. माल उशिरा येईल, याची आपण नोंद घ्यावी. पुढची आवश्यक ती कार्यवाही आपण करावी."

मुकुंदराव म्हणाले, "हे तर नगरपालिकेनं नळ तोडायची नोटीस दिल्यासारखं लागतंय."

"व्हय. आणि नळ आपलाच फुटलाय."

मग तिनं आपला वाचला. त्यात आमचा आष्टीकर साच्याजवळ उभा राहून काम करवून घेतोय, आमच्या हातून उशीर होतोय, आपल्याला त्रास दिल्याबद्दल मान खाली आहे, तारखेला तेवढी मुभा मिळेल का, असं होतं. मुकुंदरावांचे हात नकळत छातीशी जोडायला निघाले, पण त्यांनी ते वेळेत चष्म्याकडं वळवले.

तिनं विचारलं, मनस्विनीताईंच्या लग्नात तुम्ही व्याह्यांना काय म्हणालात? मनस्विनी त्यांची मुलगी, आर्किटेक्ट, तिनं बांधलेल्या इमारतीत माणसं राहतात. मुकुंदराव जरा घुटमळले. मग म्हणाले, काय म्हणणार, पोर अजाण आहे, काही येत नाही, सांभाळून घ्या, म्हणालो. आणि जेवणाला? मीठभाकरी गोड मानून घ्या, म्हणालो. पंगतीत बासुंदी होती.

"व्याह्यांनी खरंच समजलं का पोर अजाण म्हणून?"

"काय बिशाद."

"मग झालं साहेब. कुरातापुढं आपण मुलीकडचे. तुम्ही मुलगी."

बासष्टाव्या वर्षी कुणी मुकुंदरावांना मुलगी म्हणेल असं पत्रिकेत नव्हतं. पण त्यांना पटलं. आणि मुकुंदरावांचं असं आहे, की एकदा पटलं म्हणजे ते तिथं थांबत नाहीत, पार पलीकडच्या गल्लीत निघतात. अक्षदाची बस सुटायची वेळ झाली होती. ती मेल तयार ठेवून गेली. उद्या सकाळी एक नजर टाकून पाठवते म्हणाली. ती गेटाबाहेर पडली नाही तोवर इकडं काकांच्या अंगात नम्रता संचारली.

ते मंदारला म्हणाले, वाकायचंच तर पुरतं वाकू. अर्धवट वाकलेला माणूस कंबर दुखतीय असा दिसतो. मशीनला सांग, अजून नम्र कर. मंदारनं अक्षदाचा मेल मशीनमध्ये टाकून अजून नम्र करायला सांगितलं. अजून. मग आणखी. मशीनला काय, त्याला कंबर नाही. दर खेपेला मेल एका हातानं लांब होत गेला. शेवटी मुकुंदरावांनी तो मशीनकडूनच मराठीत करून घेतला, त्यात 'साष्टांग' आणि 'लज्जेनं जीव नकोसा' असे शब्द दिसले, तेव्हा त्यांचं समाधान झालं. मंदारनं तो अक्षदाच्या मेलवरून पाठवला, कारण गेले सहा महिने कुराताला जपानीत मेल तिच्याच नावानं जात होते. काका-पुतणे गर्वानं घरी गेले. नम्रतेचा एवढा गर्व वाळूजनं त्याआधी पाहिलेला नव्हता.

सकाळी अक्षदा आली तर कुराताचे तीन मेल पडलेले. ती वाचता वाचता पांढरी पडली. मंदार आणि मुकुंदराव आले तेव्हा तिनं आदल्या संध्याकाळी गेलेला मेल शोधून काढला होता आणि त्याच्याकडं, घरात बिबट्या शिरल्यावर बघतात तसं बघत होती.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. उशिराची माफी एका उंचीवर मागतात. हा मेल ज्या उंचीवर गेला, तिथं जपानात माणसं कॅमेऱ्यांपुढं ओळीनं उभी राहून वाकतात. माल सदोष निघाला, कुणाला इजा झाली, कंपनी बुडाली, अशा वेळी. तीन वर्षांच्या ओळखीचा माणूस एकदम असं बोलायला लागला तर समोरचा काय समजेल? की उशीर हा बहाणा आहे, आत काहीतरी भयंकर लपवलंय. कुरातानं तेच समजलं होतं. यांचे आधी आलेले सगळे सील त्यानं गोदामात बाजूला काढून ठेवायला लावले होते. ब्रेकचा माल, त्याला धोका पत्करता येत नव्हता. दुपारपर्यंत खरं कारण कळलं नाही तर दुसऱ्या पुरवठादाराकडं जावं लागेल, असं त्यानं तिसऱ्या मेलात लिहिलं होतं. आणि त्या मेलाची भाषा पुन्हा पहिल्या वर्षासारखी ताठ झाली होती. हवेचं वाक्य गायब.

मंदार म्हणाला, जपानी तिचं खातं, तिच्या नावानं गेलेला मेल, आता तीच निस्तरेल. हे त्यानं खिडकीकडं बघून म्हटलं. मुकुंदराव खुर्चीवरून उठून अक्षदाच्या टेबलापाशी आले. वाकलो मी, म्हणाले, पाठ तुझी मोडली.

"सरळ सांगून टाक त्याला," ते म्हणाले. "मालकानं आगाऊपणा केला म्हण. माझं नाव घे."

अक्षदानं मान हलवली. "तेच तर करता येत नाय, साहेब. घरातल्या माणसाची चूक मी बाहेर त्याच्या नावानं सांगितली, तर मीच घराबाहेरची झाले. 'आमच्याकडून' एवढंच म्हणायचं. त्यात तुम्ही आले, मी आले, मंदारपण आला."

मंदारनं खिडकीकडं बघणं थांबवलं.

तिनं फोन लावला. मुकुंदराव समोर बसले, हात गुडघ्यांवर. बोलणं त्यांना कळत नव्हतं, पण चढउतार कळत होते. सुरुवातीला पलीकडचा आवाज पत्र्यासारखा होता. अक्षदा अदबीनं बोलत होती, पण कालच्या मेलासारखी लोळत नव्हती. तिनं आधी कामाचं सांगितलं. साचा तडकला, बाकी काही नाही, आधीच्या मालाचे तपासणीचे आकडे आणि तडकलेल्या साच्याचा फोटो आत्ता पाठवते. मग म्हणाली, कालचे शब्द आमच्याकडून प्रसंगापेक्षा फार जड गेले, त्यामुळं आपल्याला काळजीत टाकलं, हे आमचं चुकलं. बोलता बोलता 'आशुतिकारु' असं काहीतरी आलं. मुकुंदरावांनी भुवया उंचावल्या. तिनं फोनवर हात ठेवला.

"माझं नाव?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"व्हय. नुसतंच."

मुकुंदरावांनी मान डोलावली, चांगल्या वधूपित्यासारखी. बोलू दे, असा हात केला.

मग कुराता काहीतरी बोलला आणि अक्षदाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. पुढं तोच हसला. नंतर तिनं सांगितलं, तो म्हणाला की काल रात्री मेल वाचून त्याचे साहेब विमानाचं तिकीट बघत होते, तुमचा कारखाना जागेवर आहे का हे पाहायला.

फोन ठेवून तिनं मेल लिहिला. सात-आठ ओळी, तिच्या मूळ मेलाच्या उंचीवरच्या. आकडे जोडले, फोटो जोडला. मुकुंदरावांनी तो मागितला नाही. चष्मा टेबलावर तसाच पडून राहिला. मंदारनं फक्त विचारलं, मशीनमधून एकदा फिरवून बघू का, आणि काकांनी त्याच्याकडं असं बघितलं की मशीनसुद्धा बंद पडलं. वीज गेली होती हे खरं, पण माझ्या मते कारण दुसरंच होतं.

जेवणानंतर उत्तर आलं. सील गोदामातून मोकळे केले होते. नवी तारीख मान्य होती. शेवटी लिहिलं होतं, आमच्याकडं उकाडा सुरू झालाय, तुमच्याकडच्या उन्हाचं तर विचारायलाच नको. अक्षदानं ते वाक्य दोनदा वाचलं. बाकीचं व्यवहाराचं होतं. हे वाक्य म्हणजे माणूस पुन्हा ओसरीवर येऊन बसला होता.

मुकुंदरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मंदारही होता. मुकुंदराव म्हणाले, कायम. एवढा एकच शब्द, कारण जास्त बोललं की आपण पलीकडच्या गल्लीत जातो हे त्यांना कालच कळलं होतं. अक्षदा थँक्यू म्हणाली, पण उठली नाही. म्हणाली, एक अट आहे. मशीन असू द्या, कच्चं काम त्याच्याकडून मीपण करून घेते. पण समोरच्यापुढं कितीवर उभं राहायचं हे मी ठरवणार, आणि माझ्या नावानं माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक ओळ जाणार नाय. साहेबांची असली तरी.

"मालकाची असली तरी?" मुकुंदराव म्हणाले.

"मालकाची असली तर आधी."

मुकुंदरावांनी पुतण्याकडं बघितलं. पुतण्या टेबलाकडं बघत होता. मान्य, ते म्हणाले.

त्यानंतर चार दिवसांनी मंदार अक्षदाच्या टेबलाशी आला. हातात नव्या इंग्रजी मेलचा कागद होता, ओसाकाच्या कुणा नव्या गिऱ्हाइकासाठी. तिनं हात पुढं केला, तर त्यानं कागद लगेच दिला नाही. आधी म्हणाला, माणूस नवा आहे, अजून भेट नाही, वयानं बहुतेक मोठा, चूक कुणाचीच नाही, आपल्याला फक्त ऑर्डर पाहिजे. मग कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यांच्यापुढं किती पायऱ्या?"

अक्षदा म्हणाली, बस खाली, मोजू.